बॅग घेताना आधी ती उलटी करा

बॅगेच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, हार्ड दाखवू की सॉफ्ट? आणि मग पुढचा अर्धा तास रंग, चमक, रेघारेघांचं डिझाइन आणि डिस्काउंट यातच जातो. मला मात्र आता असं ठाम वाटायला लागलंय की हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो, कारण लांबच्या प्रवासात बॅगेची भिंत फार क्वचित दगा देते, आधी जातं ते चाक, नाहीतर चेन. दादर स्टेशनजवळ बॅगा दुरुस्त करणारे एक मामा बसतात, त्यांच्याकडे थोडा वेळ नुसतं उभं राहिलं तरी हे समजतं. समोर पडलेल्या बॅगांचं कवच ठणठणीत, कापड पण बरं, आणि एकीला चाक नाही, दुसरीची चेन मागून उघडतेय, तिसरीची ट्रॉली वर येऊन अडकलीय. फुटलेली बॅग त्यात एखादीच.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे मावशी आणि काका. मावसबहीण टोरांटोला असते, तिच्याकडे दोघं चांगले पाच महिने राहायला निघाले होते आणि बॅगा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. दोघं राहतात गिरगावात, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि अरुंद. मावशीचा उजवा खांदा दुखतो. तिकिटावर प्रत्येकी दोन बॅगा, एका बॅगेला 23 किलो. मध्ये युरोपात विमान बदलायचं होतं. चारपैकी दोन बॅगा घरात होत्या, दोन नव्या घ्यायच्या होत्या. मी हे इतकं सविस्तर सांगतेय कारण बॅग कुठली हे या गोष्टींवर ठरतं, बॅगेच्या जाहिरातीवर नाही. ती कुठल्या जिन्यावरून उतरणार, कोण ओढणार, आत काय जाणार आणि दोन प्रवासांच्या मध्ये ती कुठे पडून राहणार, एवढं माहीत असलं की अर्धं काम होतं.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरू करते, कारण मुंबईत तो सगळ्यात जास्त नडतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. घरातल्या दोन बॅगांपैकी एक कापडी होती, जवळजवळ न वापरलेली, कित्येक वर्षं माळ्यावर प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलेली. काकांनी ती खाली काढली, दिसायला नवीकोरी, आणि गॅलरीतून खोलीपर्यंत ओढत आणली तर मागे काळा चुरा पडत गेला. चाकांवरचं रबरासारखं आवरण तुकडे होऊन गळत होतं, बोटाने खरवडलं तरी निघत होतं. आत हात घातला तर अस्तरामागचं कोटिंग चिकट झालेलं, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेले.

याला वापर कारणीभूत नाही, हवा कारणीभूत आहे. चांगल्या बॅगांच्या चाकांना बाहेरून बऱ्याचदा पॉलियुरेथेनचं आवरण असतं, पीयू म्हणतात ते, आणि कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवायला जे कोटिंग देतात ते पण बहुतेक वेळा पीयूचंच. हे मटेरियल मऊ असतं, आवाज कमी करतं, फरशीवर छान चालतं. पण त्याच्या काही जाती हवेतल्या दमटपणाशी हळूहळू रिअ‍ॅक्शन करत राहतात, रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, आणि काही वर्षांनी ते चिकट तरी होतं नाहीतर ठिसूळ होऊन चुरा तरी होतं. शूज कपाटात ठेवून ठेवून सोल आपोआप सुटतो ना, त्यामागे पण बऱ्याचदा हेच असतं. मुंबईची हवा, त्यात पावसाळ्याचे चार महिने, आणि वरून आपण जपायचं म्हणून प्लॅस्टिकमध्ये सील करून ठेवतो, म्हणजे आतला दमटपणा आतच. त्यामुळे जुनी बॅग असेल तर प्रवासाच्या आदल्या रात्री काढू नका, महिनाभर आधी काढा, घरातल्या वह्यापुस्तकांनी भरा आणि बिल्डिंगच्या आवारात एक फेरी मारून आणा. चाक चुरा होणार असेल तर तिथेच होऊ दे, विमानतळाच्या दारात नको. आणि ठेवताना साध्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळा संपला की एकदा उघडून वारा लागू द्या आणि चाकं थोडी फिरवा.

आता चाकं. दोन प्रकार. दोन चाकांची बॅग, जी तिरकी करून मागे ओढतात, आणि चार चाकांची, जिला स्पिनर म्हणतात, उभी ठेवून बाजूने ढकलतात. गंमत म्हणजे चाकाच्या बॅगेचं अमेरिकेतलं पेटंट बर्नार्ड सॅडो यांना 1972 मध्ये मिळालं आणि ती बॅग चार चाकांचीच होती, पट्ट्याने ओढायची. पुढे 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या पायलटने बॅग उभी केली, दोन चाकं आणि लांब दांडी लावली, आणि आज आपण जिला ट्रॉली बॅग म्हणतो ती तिथून आली. म्हणजे चार चाकं हे पुढचं पाऊल आणि दोन चाकं जुनाट, असं नाहीये. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

स्पिनरची खुबी ही की सपाट फरशीवर बॅगेचं सगळं वजन चाकांवर राहतं, हातावर काहीच येत नाही. दोन चाकांच्या बॅगेत तिरकी केली की वजनाचा एक हिस्सा कायम हातात येतो, 23 किलोची बॅग असेल तर काही किलो मनगट आणि खांद्यावर. सहारच्या टर्मिनल 2 वर आत शिरल्यापासून काउंटरपर्यंत, आणि पुढे परक्या देशात बेल्टवरून उचलून बाहेर गाडीपर्यंत, हे अंतर कमी नसतं. मावशीच्या खांद्यासाठी स्पिनर हवीच होती, यात चर्चा नव्हती.

पण स्पिनरचं चाक बॅगेच्या खाली बाहेर लटकतं. ते एका छोट्या फोर्कमध्ये असतं आणि तो फोर्क एका खिळीवर गरगर फिरतो. मालाच्या बेल्टवर बॅग आपटली, दुसरी बॅग वर येऊन पडली, की तो धक्का थेट या खिळीला बसतो. दोन चाकांच्या बॅगेत चाकं मोठी असतात आणि बॅगेच्या कोपऱ्यात अर्धी आत शिरलेली असतात, फिरत नाहीत, फक्त पुढेमागे जातात, म्हणून मोडायला जागाच कमी. आपले फुटपाथचे पेव्हर ब्लॉक, त्यातल्या फटी, मध्येच उखडलेलं गटाराचं झाकण, यावरून दोन चाकी बॅग खडखड करत का होईना जाते. स्पिनरचं छोटं चाक फटीत अडकतं, मग माणूस वैतागून ती पण तिरकी करून दोन चाकांवर ओढतो, आणि तिरक्या कोनात ओढायला ती चाकं बनवलेलीच नसतात, सगळा ताण खिळीवर आडवा येतो. मामांच्या समोर मोडक्या चाकांच्या ज्या बॅगा होत्या त्यातल्या बहुतेक अशाच गेल्या होत्या, असं ते म्हणाले. शिवाय लोकलमध्ये किंवा उताराच्या रॅम्पवर स्पिनर हात सोडला की निघून जाते, दोन चाकी जागेवर उभी राहते. काही स्पिनरना ब्रेक असतो, पण तो बघून घ्यावा लागतो.

जागेचा पण एक हिशोब आहे आणि तो दुकानात कोणी सांगत नाही. बऱ्याच एअरलाइनची चेक-इन बॅगेची मर्यादा लांबी अधिक रुंदी अधिक जाडी मिळून 158 सेंटिमीटर असते, आणि यात चाकं आणि बाहेर आलेले हँडल धरलेले असतात. समजा बॅग 76 बाय 51 बाय 31 आहे, बेरीज बरोबर 158. यातले 5 सेंटिमीटर जर खाली लटकणाऱ्या चाकांनी खाल्ले तर 5 गुणिले 51 गुणिले 31, म्हणजे जवळजवळ 8 लिटर जागा आपण हवेत सोडली. दोन चाकीत चाकांचे कोपरे आत येतात म्हणून थोडी जागा तिथे पण जाते, पण एवढी नाही. आणि लेबलवरच्या 28 इंचावर अजिबात विसंबू नका, कोणी तो आकडा चाकासकट देतं, कोणी नुसत्या कवचाचा. मी मोजायची टेप घेऊन गेले होते, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या 28 इंची बॅगा शेजारी उभ्या केल्या तर उंचीत चांगला चार बोटांचा फरक. एक्सपांडरची चेन उघडून बॅग फुगवली की 158 च्या बाहेर जाते हे पण टेप लावून बघा, बऱ्याच वेळा जातेच.

दुकानात चाक बघायची पद्धत मामांनी दाखवली ती अशी. बॅग उलटी करा, चाकं वर. प्रत्येक चाकाला बोटाने एक फटका द्या. चांगलं चाक आवाज न करता थोडा वेळ फिरत राहतं, घासणारं चाक दोन गिरक्या घेऊन थांबतं. मग चाक चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा, थोडी ढिलाई असतेच, पण टकटक आवाज येऊन झुलत असेल तर नको. आवरणावर नख दाबा, जरा दबलं पाहिजे, अगदी दगडासारखं कडक असेल तर ते सरळसरळ कडक प्लॅस्टिक आहे, फरशीवर खडखडणार आणि प्रत्येक हादरा वर पोचवणार. (कडक प्लॅस्टिकचा एक फायदा मात्र आहे, ते माळ्यावर चुरा होत नाही.) मग सगळ्यात महत्त्वाचं, चाक कशाने बसवलंय. बॅगेच्या आत अस्तराला खाली एक छोटी चेन असते, ती उघडून हात घाला, स्क्रूची डोकी लागतात का बघा. स्क्रू असेल तर चाक उद्या बदलता येतं, कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम. रिव्हेट असेल तर ती ड्रिलने उडवावी लागते, होतं ते पण, पण कटकट. आणि अस्तर चारी बाजूंनी शिवून किंवा चिकटवून बंदच केलेलं असेल तर आधी अस्तर फाडा मग पुढचं.

शेवटी बॅग सरळ करून ढकला, पण रिकामी नाही. रिकामी बॅग चकचकीत टाइल्सवर कुठलीही धावते. दुकानदाराला सांगून आत दोन-तीन छोट्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, काय असेल ते भरा आणि एका हाताने सरळ ढकलून बघा, एका बाजूला ओढ घेते का. नंतर दाराबाहेर फुटपाथवर चार पावलं. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला ज्या दुकानात गेलो होतो तिथल्या पोऱ्याने आधी जरा तोंड वाकडं केलं, पण मालक म्हणाले, "बघू द्या ताईंना, नंतर परत येण्यापेक्षा आत्ताच बघितलेलं बरं."

चेनवर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण लोक तिथे कमीत कमी बघतात. आपण ज्याला चेन म्हणतो तिचे दोन भाग, दातांची पट्टी आणि तिच्यावर धावणारा रनर. बॅगांना बहुतेक कॉइल चेन असते, म्हणजे नायलॉनच्या तारेची बारीक गुंडाळी पट्टीवर शिवलेली, ती कोपऱ्यात छान वळते. दुसरी सुट्या मोठ्या दातांची, प्लॅस्टिकची किंवा धातूची, ती ताकदवान वाटते पण एक दात गेला की काम थांबतं. चेनला नंबर असतो, पाच, आठ, दहा, आणि तो साधारणपणे बंद चेनच्या दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये किती हे सांगतो. पाच नंबर खिशाला ठीक. 23 किलोच्या बॅगेच्या मुख्य चेनला मी आठच्या खाली घेणार नाही, दहा मिळाली तर उत्तम. कित्येकदा रनरच्या मागच्या बाजूला हा नंबर कोरलेलाच असतो, उलटून बघा. कंपनीचं नाव पण तिथेच असतं, जपानची वायकेके त्यातली सगळ्यात ओळखीची, 1934 पासूनची. नाव नसलं म्हणजे चेन वाईटच असं नाही, पण मोठी किंमत लावून वर चेनवर काहीच लिहिलेलं नसेल तर मी जरा जास्त वेळ तपासते.

आता चेन जाते कशी हे समजून घेतलं तर काय बघायचं ते आपोआप कळतं. रनर पुढे जातो, मागे दात जुळायला पाहिजेत, पण जुळत नाहीत, चेन मागून उघडते. लोकांना वाटतं दात खराब झाले. बहुतेक वेळा दात ठीक असतात, रनर झिजून किंवा ताणून त्याचे दोन ओठ किंचित फाकलेले असतात आणि तो दातांना पुरेसं दाबत नाही. मामा पक्कडने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबतात, चेन लगेच चालते, पण ते म्हणाले, "हे तुम्हाला घरी पोचवायला पुरेल, तिकडे गेल्यावर रनर बदला." नवीन रनर घातला की बॅग पुन्हा उभी. पण कॉइलच तुटली असेल, एखाद्या ठिकाणी गुंडाळीचा वेटोळा वर आला असेल, तर पूर्ण चेन बदलावी लागते.

आणि इथेच हार्ड-सॉफ्टचा खरा फरक येतो, जो मला आधी कोणी सांगितला नव्हता. कापडी बॅगेला चेन कापडावर शिवलेली असते, उसवायची, नवी लावायची, मशीन मारायची. हार्ड बॅगेत चेनची पट्टी सहसा प्लॅस्टिकच्या कवचाच्या कडेलाच शिवलेली असते, ती उसवली तर जुन्या भोकांतून पुन्हा शिलाई घ्यायला वेगळं मशीन किंवा हाताने फार वेळ लागतो, आणि भोकं पडलेली कड अजून कमजोर होते. मामा हार्ड बॅगेची पूर्ण चेन बदलायचं काम घेत नाहीत, रनरपर्यंतच. म्हणजे तोच बिघाड एका बॅगेत किरकोळ आणि दुसऱ्या बॅगेत तिचा शेवट. म्हणून हार्ड बॅग घेताना चेनबाबत दुप्पट कडक व्हायला पाहिजे, आणि होतं नेमकं उलटं, कवच बघूनच आपण खूश होतो.

तपासताना रनर एका हाताने कोपऱ्यातून वळवून बघा, दुसऱ्या हाताने बॅग धरायची नाही. कोपऱ्यात अडखळला तर भरल्यावर तिथेच ओढाताण होणार आणि तिथेच कॉइल तुटणार. बॅग थोडी जास्तच भरून झाकण दाबून बंद करून बघा, मग चेनवर दोन्ही बाजूंनी बोटं ठेवून फाकवा, दातांच्या मधून उजेड दिसतो का. शिलाईची रेघ दुहेरी आहे का, आणि जिथे चेन संपते तिथे पट्टी आत दुमडून पक्की शिवलीय की नुसती कापून सोडलीय, हे पण बघा, उसवणं तिथूनच सुरू होतं.

मामांनी अजून एक दाखवलं जे बघून काका गंभीर झाले. दोन्ही रनर एकत्र करून कुलूप लावलेली एक बॅग होती. त्यांनी साध्या बॉलपेनचं टोक कॉइलच्या मधोमध खुपसलं आणि पुढे रेटलं, चेन उघडली, कुलूप जागच्या जागी. मग ते कुलूप लावलेले रनर एकदा इकडून तिकडे फिरवले, चेन पुन्हा बंद, काही कळायचं कारणच नाही. म्हणजे कुलूप किती भारी यापेक्षा चेन कशी हे महत्त्वाचं. आता काही बॅगांना डबल कॉइलची चेन येते, दातांचे दोन थर, पेन सहज घुसत नाही, हातात घेतल्यावरच ती जाड लागते. पण खरा उपाय हाच की दागिने, पैसे, औषधं, कागदपत्रं चेक-इन बॅगेत घालूच नयेत. टीएसए कुलूप असतं त्याबद्दल पण गैरसमज आहे, ते जास्त मजबूत नसतं, अमेरिकेत तपासणीवाल्यांकडे त्याची किल्ली असते म्हणून ते तोडत नाहीत, एवढाच अर्थ. चेनच नको असेल तर फ्रेमच्या आणि खटक्यांच्या हार्ड बॅगा मिळतात, आपल्या लहानपणीच्या व्हीआयपीच्या मोल्डेड सुटकेसच्या जातीतल्या. मजबूत असतात, पण जड, आणि इंचभर जास्त भरलं की खटका लागतच नाही.

मग आता कवच. हार्डमध्ये तीन नावं ऐकू येतात, पॉलिकार्बोनेट, एबीएस आणि पॉलिप्रॉपिलीन. एबीएस स्वस्त आणि ताठ, दाब आला की ते वाकायला तयार नसतं, आधी तिथे पांढुरकी रेघ उमटते आणि मग तडा जातो. पॉलिकार्बोनेट लवचिक, अंगठ्याने दाबलं की आत जातं आणि सोडलं की टप करून परत येतं. पॉलिप्रॉपिलीन पण लवचिक आणि वजनाला हलकं, थोडं मेणचट लागतं. दुकानात झाकणाच्या मधोमध तळहाताने जोरात दाबा. दबून परत आलं तर चांगलं. अजिबात दबत नाही म्हणजे मजबूत, असं लोकांना वाटतं, ते बरोबर उलटं आहे. टॅगवर "पीसी" एवढंच बघून थांबू नका, पीसी अधिक एबीएस असं मिश्रण असतं, किंवा आत एबीएस आणि वरून पीसीचा पातळ थर, आणि किंमत मात्र पीसीची सांगतात. एक लक्षात ठेवायचं की जे कवच दबून वाचतं ते आतल्या वस्तूला पण दाबतंच. काचेची बरणी मधोमध, चारी बाजूंनी कपडे, हे हार्डमध्ये पण करावंच लागतं.

कापडीमध्ये डेनियर हा शब्द येतो, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. 600 डेनियरचं पॉलिएस्टर सर्रास मिळतं, 1680 डेनियरचं बॅलिस्टिक नायलॉन चांगल्या बॅगांत. नायलॉन घासण्याला पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतं, म्हणून नुसता आकडा बघून दोघांची तुलना करू नका. आणि कापडी बॅग मधोमध फाटत नाही, खालच्या कडेला आणि कोपऱ्याला फाटते, तिथे रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी आहे का बघा. बाजूचं हँडल दोन्ही हातांनी जोरात खेचा, हँडलच्या टोकाखाली आतून पट्टी आणि रिव्हेट पाहिजे, नुसती शिलाई नको, कारण विमानतळावरचे लोडर बॅग त्याच हँडलने उचलतात आणि आपण चाळीच्या जिन्यावर पण.

पावसाबद्दल. जुलैत बॅगा विमानाशेजारी उघड्यावर भिजतात, हे खिडकीतून आपण सगळ्यांनीच बघितलंय. हार्ड बॅगेचं कवच पाणी आत येऊ देत नाही, हे खरं, पण पाणी चेनमधून येतं आणि चेन दोघींना आहे. कापडी बॅग जास्त भिजते आणि वाळायला वेळ घेते, एवढा फरक. आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी अंथरून तिच्यात सामान भरलं तर दोन्ही बॅगांत कपडे कोरडे राहतात.

आणि घर. हार्ड बॅग बहुतेक मधोमध उघडते, दोन सारखे भाग, म्हणजे उघडल्यावर जमिनीवर 76 बाय 102 सेंटिमीटर जागा खाते. मावशीच्या खोलीत पलंग, कपाट आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये एवढी जागा नाही, पलंगावर उघडावी लागते. कापडी बॅग पेटीसारखी वरून उघडते, भिंतीला टेकून झाकण उभं राहतं, आठ दिवस हळूहळू भरत बसता येतं. मुंबईतल्या घरांसाठी हा मुद्दा मला बारीक वाटत नाही, कारण परदेशी जायच्या बॅगा आपल्याकडे एका रात्रीत भरल्याच जात नाहीत.

तर आम्ही काय घेतलं. मावशीसाठी पॉलिकार्बोनेटची स्पिनर, प्रत्येक कोपऱ्यात जोडीने दोन चाकं असलेली, मुख्य चेन दहा नंबर, चाकांना आतून स्क्रू. काकांसाठी कापडी दोन चाकी, कारण त्यांना जिना उतरताना बॅग एकेक पायरी टेकवत आणायची सवय आहे आणि दोन चाकीत मोठी चाकं ते सहन करतात, आणि तीच बॅग घरी आठ दिवस उघडी राहणार होती. दोन्हींचं रिकामं वजन दुकानातच हातातल्या डिजिटल काट्याने केलं, स्पिनर साडेचार किलोच्या आसपास, कापडी चारच्या जरा खाली. 23 मधून हे वजा केल्यावर भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला किती नेता येईल ते मावशीने तिथेच बोटावर मोजलं. ती म्हणाली, "अगं, म्हणजे बॅग जितकी जड तितकं पीठ कमी." अगदी तसंच आहे ते. चुरा झालेल्या चाकांच्या जुन्या बॅगेला मामांनी नवी चाकं बसवून दिली, पण आतलं कोटिंग चिकटच होतं म्हणून ती चादरी ठेवायला घरीच राहिली, आणि तिच्या जागी माझ्याकडची एक दिली.

एक गोष्ट मी दोघांना कागदावर लिहून दिली होती. बेल्टवरून बॅग उतरवली की तिथेच उलटी करायची, चारी चाकं आणि चेन बघायची, आणि मोडलं असेल तर बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर जाऊन पीआयआर म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट करून घ्यायचा, बॅगेवरचा टॅग न फाडता. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू असेल तर नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांच्या आत करावी लागते, घरी जाऊन महिन्याने बघितलं तर काही हाती लागत नाही. बॅगेची वॉरंटी वेगळी, ती बनवण्यातल्या दोषाची असते, लोडरने आपटलेल्या बॅगेला ती सहसा लागू होत नाही, म्हणून घेतानाच कार्डावर चाक आणि चेन याबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं. निघायच्या आधी बॅगेचे चारी बाजूंनी आणि चाकांचे फोटो काढून ठेवले होते, बिलाचा पण, आणि ते काकांच्या फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून दिले.